सही केली म्हणजे बांधले गेलो का?

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळची शाळा आटोपून मी घरी आले, भाताला आधण ठेवले आणि तेवढ्यात दार वाजले. पलीकडच्या गल्लीतली माझी मैत्रीण दारात उभी. हातात खाकी पाकीट आणि चेहरा पांढराफटक. "अगं, नोटीस आलीय. पन्नास हजार मागतायत. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. पाटल्या गहाण ठेवून टाकते आणि मिटवते एकदाचं!"

मी तिला बसवले, पाणी दिले आणि ती नोटीस वाचली. मग म्हटले, "तू सही केली होतीस तो कागद आण आधी."

तिची हकीगत थोडक्यात अशी. मिरजेतल्याच एका शिवणक्लासमध्ये ती मुलींना शिकवायला जात असे. कामावर घेताना बाईंनी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर करार लिहून घेतला होता. अडीच वर्षे काम केल्यावर सासूबाई अंथरुणाला खिळल्या, म्हणून महिनाभर आधी रीतसर सांगून हिने काम सोडले. पुढे घरखर्चाला हातभार म्हणून दुपारी दोन ते चार घरीच शिवण शिकवू लागली. मुली किती, तर चार! आणि त्यावर ही नोटीस.

करारात कामाच्या अशा तीन अटी होत्या. पहिली, निदान दोन वर्षे काम करायचे आणि सोडताना महिनाभर आधी सांगायचे, नाहीतर एका महिन्याचा पगार कापला जाईल. दुसरी, काम सोडल्यावर तीन वर्षे मिरज, सांगली आणि कुपवाड या भागात शिवण शिकवायचे नाही की क्लास काढायचा नाही, आणि ही अट मोडली तर पन्नास हजार रुपये भरायचे. तिसरी, क्लासचे कागदी नमुने आणि मुलींच्या नावापत्त्यांची वही बाहेर न्यायची नाही.

"स्टॅम्पपेपर आहे, माझी सही आहे, दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. आता काय बोलणार?" ती म्हणाली. तुम्हांलाही असेच वाटले असते, खरे ना? मलाही आधी वाटले होते. पण माझे मामेसासरे वकिली करतात. संध्याकाळी आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी जे समजावून सांगितले, ते माझ्यासारखीला कळले तसे तुमच्यापुढे मांडते.

स्टॅम्प म्हणजे कायद्याचा शिक्का नव्हे

पहिली गोष्ट म्हणजे स्टॅम्पपेपर हा सरकारला भरलेला कर आहे. कागद कोर्टात पुरावा म्हणून वाचला जावा, यासाठी तो लागतो. साक्षीदार आणि नोटरी हे सही तुमचीच आहे, एवढे सांगतात. पण कागदावर जे लिहिले आहे ते कायद्याला मान्य आहे की नाही, हा प्रश्न अगदी निराळा. जे कायद्याला मुळात मान्य नाही, ते हजाराच्या स्टॅम्पवर लिहिले तरी मान्य होत नाही.

आपला करार कायदा १८७२ सालचा आहे आणि आजही तोच चालतो. ज्या कराराचा हेतू बेकायदा, अनीतीचा किंवा लोकहिताच्या विरुद्ध असेल, तो करार तो कायदा रद्दबातल मानतो. रद्दबातल म्हणजे काय? तर त्या कराराच्या जोरावर कोणीही कोर्टात गेले तरी कोर्ट मदत करत नाही. काही प्रकार तर त्या कायद्याने नाव घेऊन वेगळे सांगितले आहेत. त्यांतले दोन आपल्या घरादाराशी नेहमी गाठ घालतात. एक म्हणजे माणसाला त्याचा धंदा करण्यापासून अडवणारा करार आणि दुसरा म्हणजे पैजेचा.

पोटावर पाय आणणारी अट

धंद्याबद्दलचे कलम सत्तावीसावे. ते म्हणते की कोणालाही कायदेशीर व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. यातला 'तेवढ्यापुरता' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

मामा म्हणाले, "हे कलम किती जुन्या काळापासून कसं लागू होतंय ते ऐका." कलकत्त्याला एका भागात दोन तांबटांची दुकाने होती. एकाला दुसऱ्याची चढाओढ नकोशी झाली. तो म्हणाला, तू इथले दुकान बंद कर, तू कारागिरांना दिलेली नऊशे रुपयांची उचल मी भरून देतो. दुसऱ्याने बिचाऱ्याने दुकान बंद केले, आणि मग पहिल्याने पैसे द्यायचे नाकारले! प्रकरण हायकोर्टात गेले. १८७४ साली निकाल लागला की धंदा बंद करण्याचा करारच रद्दबातल, म्हणून त्यापोटी कबूल केलेले पैसेही मागता येणार नाहीत. अडवणूक एका लहानशा भागापुरती होती, तरीही चालली नाही.

पाहा, कायदा इथे कोणाची बाजू घेत नाही. विलायतेत अशा वेळी 'अट वाजवी आहे का' असे विचारतात. आपल्या कायद्याने तो प्रश्नच ठेवलेला नाही. नोकरी संपल्यावर धंदा अडवणारी अट तीन वर्षांची असो की तीन महिन्यांची, जिल्ह्यापुरती असो की गल्लीपुरती, ती टिकत नाही. कारण उघड आहे. ज्याच्या हातात एकच कसब आहे, त्याला ते वापरायला बंदी केली तर त्याने खायचे काय? आणि गावालाही त्या कसबाचा उपयोग होईनासा होतो. आपल्या मिरजेतल्या सतारीच्या कारखान्यांचेच उदाहरण घ्या. भोपळा निवडण्यापासून तारा जुळवण्यापर्यंत सारे शिकलेल्या कारागिराकडून, 'माझे काम सोडलेस तर मिरजेत सतारीला हात लावायचा नाही' असे कोणी लिहून घेतले, तर तो कारागीर काय मुंबईला जाऊन फुटाणे विकणार?

हा नियम मोठ्या माणसांनाही लागतो बरे का. क्रिकेटपटू झहीर खान आपल्या श्रीरामपूरचा. त्याच्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या एका कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता. मुदत संपल्यावरही दुसऱ्या कोणाशी करार करण्याआधी तो प्रस्ताव आधी आम्हांला दाखवायचा आणि आम्ही तेवढेच दिले तर आमच्याकडेच यायचे, अशी त्यात अट होती. मुदत २००३ साली संपली. त्याने दुसरीकडे करार केला आणि कंपनी कोर्टात गेली. २००६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की कराराची मुदत संपल्यानंतर माणसाला बांधून ठेवणारी ही अट कलम सत्तावीसच्या विरुद्ध आहे.

पण नोकरीत असतानाचे निराळे

आता लगेच 'म्हणजे बाँडला काहीच अर्थ नाही तर' असे म्हणू नका. इथेच बहुतेकींची गफलत होते.

कल्याणच्या सेंच्युरी मिलच्या टायरसाठी लागणारा धागा बनवणाऱ्या विभागात गोलिकरी नावाचे एक पाळी-पर्यवेक्षक होते. परदेशी कंपन्यांकडून घेतलेले तंत्र त्यांना शिकवले गेले आणि पाच वर्षे दुसरीकडे असे काम करणार नाही, असा करार त्यांच्याशी झाला. ते वर्ष-दीड वर्षातच ती नोकरी सोडून जास्त पगारावर राजस्थानात कोट्याच्या तशाच कारखान्यात गेले. १९६७ साली सुप्रीम कोर्टाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. कारण अट होती ती कबूल केलेल्या पाच वर्षांपुरतीच. त्या मुदतीत एका मालकाची चाकरी असताना दुसऱ्याची करू नये, असे म्हणणे म्हणजे धंदा अडवणे नव्हे. ती पाच वर्षे संपल्यावर ते मोकळेच होते.

अगदी अलीकडे, २०२५ साली, एका सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याचे प्रकरण सुप्रीम कोर्टापुढे आले. तीन वर्षे पुरी न करता नोकरी सोडली तर दोन लाख रुपये भरायचे, अशी अट होती. ती कोर्टाने योग्य ठरवली. ती अट माणसाला दुसरीकडे जायला बंदी करत नव्हती. मध्येच सोडून गेल्यावर बँकेला भरतीचा खर्च पुन्हा करावा लागतो, तो भरून मागत होती.

तेव्हा असा कागद हातात आला की एकच प्रश्न विचारायचा, ही अट नोकरी चालू असतानाची आहे की संपल्यानंतरची? चालू असतानाची असेल तर ती बहुधा टिकते. नंतरची असून हातचा धंदाच अडवत असेल तर टिकत नाही.

आता माझ्या मैत्रिणीचा कागद पुन्हा पाहू. पहिली अट नोकरी चालू असतानाची, म्हणून ती खरी. पण हिने दोन वर्षे केव्हाच भरली होती आणि महिनाभर आधी सांगितलेही होते. ते सांगितल्याचे पत्र तिच्याजवळ होते, त्यावर बाईंची पोचसही होती. दुसरी अट नोकरीनंतरची, म्हणून रद्दबातल. आणि अटच नाही म्हटल्यावर ती मोडल्याचा दंड कुठून आणणार? ते पन्नास हजारही अटीबरोबरच गेले.

राहिली तिसरी. मघाचा 'तेवढ्यापुरता' आठवा. एक अट रद्द झाली म्हणून सारा कागद फाडून टाकता येत नाही. क्लासचे नमुने ही क्लासची मालमत्ता. मामांनी विचारले, "काही आणलं आहेस का घरी?" माझी मैत्रीण खाली बघू लागली. ब्लाउजच्या कटोरीचा आणि लहान मुलांच्या झबल्याचा असे दोन नमुन्यांचे संच तिच्या कपाटात होते! अंगाला सुई टोचावी तसे झाले तिला. मामा म्हणाले, "ते उद्याच परत कर आणि मिळाल्याची सही घे. शिवण तुझ्या हातात आहे, ते तुझं. कागद त्यांचा. क्लासच्या वहीतून नावं काढून मुलींच्या घरी गेली असतीस, तर मी तुझी बाजू एवढी ठामपणे मांडली नसती."

नोटिशीला वकिलामार्फत रीतसर उत्तर गेले. संच परत दिल्याची पोच त्याला जोडली. पाटल्या हातातच राहिल्या. पुढे नमुने मात्र तिला स्वतः मापे घेऊन नव्याने कापावे लागले, त्यात दोन रविवार गेले.

नाव विकले की हात बांधले

या नियमाला कायद्यानेच एक अपवाद ठेवला आहे, आणि तो घरगुती उद्योग करणाऱ्या प्रत्येकीने ध्यानात ठेवावा. समजा, एखाद्या काकूंचा मसाल्यांचा आणि लोणच्यांचा धंदा वीस वर्षांचा आहे. आता होत नाही म्हणून त्यांनी तो विकला. भांडी आणि बरण्यांबरोबर 'काकूंचा मसाला' हे नावही विकले आणि त्या नावलौकिकाचे वेगळे पैसे घेतले. करारात लिहून दिले की मिरज शहरात पाच वर्षे हा धंदा करणार नाही. ही अट खरी धरली जाते. उघड आहे, पैसे घेऊन चार महिन्यांनी काकूंनी त्याच गल्लीत पुन्हा खलबत्ता मांडला, तर घेणाऱ्याने पैसे मोजले ते कशाचे?

पण या अपवादालाही मर्यादा आहेत. नावलौकिक खरोखर विकलेला हवा, धंद्याचा प्रकार तोच हवा, हद्द सांगितलेली आणि कोर्टाला वाजवी वाटेल अशी हवी, आणि घेणारा तिथे तो धंदा चालवत असेपर्यंतच ही बंदी चालते. त्याने दुकान बंद केले की बंदीही संपली. म्हणून धंदा विकताना नुसते यंत्र आणि भांडी विकता आहात की नावही विकता आहात, हे कागदावर नीट वाचा. नाव विकायचे नसेल तर तसे स्पष्ट लिहा.

पैजेचे पैसे

आता दुसरा प्रकार. याची झळ बाईला नवऱ्यामुळे, दिरामुळे नाहीतर मुलामुळे लागते.

नात्यातल्या एका मुलाने क्रिकेटच्या मॅचवर पैज लावली आणि चाळीस हजार हरला. जिंकणाऱ्याने तगादा लावला, म्हणून एका ओळखीच्याकडून उसने आणून ते भागवले. कशाला हवेत ते त्याला सांगूनच आणले होते. त्याने चिठ्ठी लिहून घेतली आणि वर सहीचा चेकही घेतला. मग तो घरी येऊन मुलाच्या आईला धमकावू लागला, "कोर्टात खेचीन!"

करार कायद्याचे तिसावे कलम सांगते की पैजेचा करार रद्दबातल, आणि पैजेत जिंकलेले पैसे मिळावेत म्हणून दावा करता येत नाही. घोड्यांच्या शर्यतीतल्या विजेत्याला द्यायच्या पाचशे किंवा त्याहून अधिक रुपयांच्या बक्षिसाची वर्गणी, एवढा एक अपवाद त्यात आहे. म्हणजे जिंकणारा कोर्टात गेला असता तर रिकाम्या हाती परतला असता. पण मुलाने पैसे आधीच देऊन टाकले होते. तेही परत मिळत नाहीत बरे का! कोर्ट जिंकणाऱ्याला देववत नाही आणि हरलेल्याला परतही करवत नाही.

मग उसने देणाऱ्याचे काय? इथे आपल्या भागाचे एक वैशिष्ट्य आहे. देशात इतरत्र पैजेचा करार रद्दबातल असला तरी तो गुन्ह्यासारखा बेकायदा धरत नाहीत. म्हणून त्याच्या आजूबाजूचे करार टिकू शकतात. १९५९ साली सुप्रीम कोर्टाने गहू-सट्ट्यातल्या दोन भागीदारांच्या भांडणात हेच सांगितले आणि एका भागीदाराला दुसऱ्याकडून नुकसानीचा वाटा देवविला. पण जुन्या मुंबई इलाख्यासाठी १८६५ साली एक खास कायदा झाला होता. पैजेला मदत व्हावी म्हणून जाणूनबुजून केलेले करार आणि पैजेच्या पैशांसाठी दिलेली हमी किंवा तारण, हेही त्या कायद्याने रद्दबातल ठरवले. दलालाला दलालीसुद्धा मागता येत नाही. त्याच निकालात सुप्रीम कोर्टाने हा फरक नमूद केला आहे. म्हणून आपल्याकडे, पैज भागवायची आहे हे माहीत असून पैसे देणाऱ्याचीही बाजू लंगडी पडते.

मात्र 'माहीत असून' हे सिद्ध करावे लागते. चेक वटला नाही तर नोटीस येते. सही तुमची असली की चेक खऱ्या देण्यासाठीच दिला होता, असे कोर्ट आधी धरून चालते. तसे नाही, हे दाखवायची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. त्या मुलाकडे फोनवरचे निरोप होते. त्यांत पैज, रक्कम आणि 'आज भागव' असे सारे होते. ते त्याने पुसून टाकले असते तर फार अवघड झाले असते. अशा नोटिशीत पंधरा दिवसांची मुदत असते. ती उशीखाली ठेवून झोपू नये, त्या मुदतीतच वकिलाकडे जावे.

तुम्ही विचाराल, मग विम्याची पॉलिसी ही पैजच नव्हे का? नाही. पैजेत निकालाखेरीज दोघांचाही त्या गोष्टीशी काही संबंध नसतो. विम्यात मात्र आपलेच घर जळाले तर आपलेच नुकसान होते, ते भरून निघावे म्हणून आपण हप्ता भरतो. सांगलीच्या हळदीच्या पेठेतही हाच विवेक लागतो. पुढच्या महिन्यात इतकी पोती इतक्या भावाने घेईन, असा सौदा हा व्यापार, मग त्यात फायदा होवो की तोटा. पण पोते द्यायचे नाही, घ्यायचेही नाही, भाव चढला तर तू दे आणि पडला तर मी देतो, असे दोघांनी सुरुवातीपासूनच ठरवले असेल तर ती बाजाराबाहेरची नुसती पैज. एकाच्या मनात सट्टा असून भागत नाही, दोघांचाही हेतू तसाच हवा.

कागद हाती आला की

सही करण्याआधी कागद घरी आणून वाचा आणि एक प्रत मागून घ्या. प्रत द्यायला खळखळ होत असेल तर तिथेच सावध व्हा. अट कोणत्या काळाची आहे ते पाहा. नोकरी सोडताना लेखी सांगा आणि पोचसही घ्या. मालकाची वस्तू, मग तो कागदाचा कपटा का असेना, घरी ठेवू नका.

आणि एक, अट रद्दबातल आहे म्हणून समोरच्याला दावा लावता येत नाही, असे मुळीच नाही. दावा लावणाऱ्याचा हात कोणी धरत नाही. समन्स आले आणि आपण गेलोच नाही, तर आपले म्हणणे न ऐकताच निकाल लागतो. मग अट खरी की खोटी, हे तपासायला कोणी उरत नाही. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर सांगलीच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे स्त्रियांना, मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो.

माझ्या मैत्रिणीकडे आता सात मुली येतात. परवा एकीला तिने मदतीला घेतले. मला म्हणाली, "हिच्याकडून लिहून काय घेऊ गं?" मी म्हटले, "महिनाभर आधी सांगेन, एवढंच घे. आणि तुझे नमुने कुलुपात ठेव!"